गटात सहा जण, बोलणारे चार: बाकीच्या दोघांनी करायचं काय?

ताई, मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सहा जणांच्या गटाला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यावर सादरीकरण करायचंय. वीस मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं प्रश्नोत्तरं, आणि सगळं इंग्रजीतून. विषयाचे चार भाग पडतात, म्हणून चौघं बोलणार. मी गटप्रमुख आहे आणि प्रदूषणाचा सगळ्यात मोठा भाग माझ्याकडे आहे. उरलेल्या दोघींना वेळ बघणं, सूत्रसंचालन आणि प्रश्न हाताळणं ही कामं द्यावीत असं मला वाटतं. त्यातली एक मराठी माध्यमातली. तिला इंग्रजीत बोलायची भीती वाटते, म्हणून ती स्वतःच म्हणाली, "मला घड्याळ दे." दुसरीने सगळ्या स्लाइड्स बनवल्यात. ती मात्र चिडलीय, "घड्याळ बघायला कोणीही चालेल, मला वगळायचंच असेल तर सरळ सांग." सूत्रसंचालन मीच करावं असं बाकीचे म्हणतात. गेल्या सत्रात आमच्या शेवटच्या वक्त्याला जेमतेम दोन मिनिटं मिळाली होती, आणि प्रश्नोत्तरांत दोघांनी एकाच प्रश्नाला दोन वेगळे आकडे सांगितले. कोणाला काय देऊ? आणि न बोलणाऱ्यांना गुण मिळतील का?
— गटप्रमुख, ठाणे

प्रिय गटप्रमुख,

तुझी चिडलेली मैत्रीण एका बाबतीत बरोबर आहे. घड्याळ बघायला खरंच कोणीही चालतं, कारण घड्याळ भिंतीवरही असतं. पण वेळ सांभाळणं हे वेगळं काम आहे. गेल्या सत्रात शेवटच्या वक्त्याला दोन मिनिटं मिळाली तेव्हा वेळ संपत आलीय हे तुम्हा सगळ्यांना दिसत होतंच ना? अडलं ते पुढच्या पायरीवर. आता काय गाळायचं आणि ते कोणी सांगायचं हे ठरलेलंच नव्हतं. ते ठरवायला अख्खं सादरीकरण डोक्यात असलेला माणूस लागतो. तुमच्यात तसं कोण आहे? जिने सगळ्या स्लाइड्स बनवल्या ती.

म्हणून वाटणीची सुरुवात तुझ्यापेक्षा उलट्या टोकाने करून बघ. "बोलत नाहीत त्यांना काय द्यायचं" हा प्रश्न घेतलास की ही कामं भरपाईसारखी वाटायला लागतात, आणि तुझी मैत्रीण त्यालाच दुखावलीय. त्याऐवजी प्रत्येक कामाला काय लागतं ते आधी बघ. सूत्रसंचालनाची वाक्यं आधी लिहून पाठ करता येतात. सुरुवात, चार वक्त्यांची ओळख, शेवट, एवढंच असतं ते. या तिन्ही कामांतलं सगळ्यात जास्त तालीम करता येण्यासारखं काम हेच. प्रश्न हाताळणं याच्या अगदी विरुद्ध, कारण समोरून काय येईल ते माहीत नसतं, आणि ऐकून दोन क्षणांत इंग्रजीत उत्तर वाटून द्यावं लागतं. वेळ सांभाळण्यात बोलणं शून्य, पण निर्णय घ्यावे लागतात.

आता मराठी माध्यमातल्या मैत्रिणीकडे बघ. घड्याळ हातात घेतलं की लपता येईल असं तिला वाटतंय. माझं मत विचारशील तर तिला सूत्रसंचालन दे. वाक्यं ठरलेली, छोटी, तिने स्वतः लिहिलेली. "First, we look at the creek itself" एवढ्या लांबीची पाच-सहा वाक्यं आठवडाभरात जिभेवर बसतात, आणि त्यात कोणी मध्येच उलटा प्रश्न विचारत नाही. अर्थात आधी तिला विचार. ती ठाम नाही म्हणाली तर तो विषय तिथेच सोड. पण "तुला जमणार नाही" असं गृहीत धरून घड्याळ तिच्या हातात देऊ नकोस.

सूत्रसंचालन तुझ्याकडे मात्र नको. गटप्रमुखानेच सूत्रं धरायची ही आपल्याकडची सवय आहे, पण तुझा भाग सगळ्यात मोठा आणि तिसऱ्या क्रमांकावर असेल, तर दुसऱ्या वक्त्याचं बोलणं चालू असताना तुझं लक्ष स्वतःच्या पहिल्या वाक्यावर असणार. त्याच वेळी तुला त्याचा समारोप ऐकून दुवा जोडायचाय आणि मग स्वतःचीच ओळख करून द्यायचीय. मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते. तिथे सांधे निखळतात ते बहुतेक इथेच: "आता मी पुढचा भाग सांगते" असं म्हणून गटप्रमुख घाईने सुरू करते, आणि आधीच्या भागाशी त्याचा संबंध काय ते कोणालाच कळत नाही.

तुझी खरी अडचण ही आहे की कामं तीन आणि मोकळ्या मैत्रिणी दोन. पण ही तीन कामं एकाच वेळी चालतच नाहीत. सूत्रसंचालक पहिली वीस मिनिटं कामात असते आणि प्रश्नोत्तरांत मोकळी असते. प्रश्न हाताळणारीचं नेमकं उलट. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत स्लाइड्सवालीने वेळ सांभाळायची. विसाव्या मिनिटाला ती समोरच्या बाकावरून उठून मंचावर येईल आणि प्रश्न हातात घेईल, आणि घड्याळ सूत्रसंचालक मैत्रिणीकडे जाईल. याचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही. वेळ वाचवायला कुठली स्लाइड गाळली हे जिने ठरवलं तिलाच ठाऊक असतं की ऐकणाऱ्यांच्या डोक्यात कुठे भोक राहिलंय. पहिला प्रश्न बऱ्याचदा तिथूनच येतो, आणि तिच्याकडे ती स्लाइड तयार असते.

गट सात-आठ जणांचा असेल तर ही दोन कामं दोघांना वेगळी द्यावीत. चौघांचाच गट असेल आणि सगळेच बोलत असतील, तर पहिल्या दोन भागांची वेळ चौथ्याने आणि शेवटच्या दोन भागांची पहिल्याने धरावी. ज्याची पाळी लगेच पुढे आहे त्याच्या हातात घड्याळ देऊ नये, कारण तो मनाने आधीच मंचावर पोचलेला असतो.

आता वेळेचं नीट मांडून बघू. वीस मिनिटं आहेत म्हणून वीस मिनिटांचा मजकूर बसवू नका, एकोणीस मिनिटांचा बसवा. सूत्रसंचालकेची सुरुवात 1 मिनिट. खाडी आणि चिखलपट्टा 4 मिनिटं, पक्षी 4, तुझा प्रदूषणाचा भाग 5, संरक्षण आणि कायदा 4, शेवटी समारोप 1. मधली जोडवाक्यं ज्याच्या त्याच्या भागाच्या वेळेतच धरा. वेळ सांभाळणारीच्या कागदावर मात्र "प्रत्येकाला किती" हे लिहू नका, भाग किती वाजता संपायला हवा ते लिहा: 1:00, 5:00, 9:00, 14:00, 18:00, 19:00. म्हणजे बोलणं चालू असताना तिला वजाबाकी करावी लागणार नाही, नजर टाकली की उशीर कळेल. फोनवर उलटा मोजणारा टायमर नको, तो शेवटी वाजतो. सरळ पुढे पळणारं स्टॉपवॉच लावा, फोन सायलेंटवर ठेवा आणि स्क्रीन आपोआप बंद होणार नाही अशी सेटिंग करून ठेवा. घड्याळ सुरू करायचं ते सूत्रसंचालकेच्या पहिल्या शब्दाला. प्रोजेक्टर जोडताना दोन मिनिटं गेली तर ती कोणाची, हे सरांना तिथेच विचारायचं: "सर, वेळ आता सुरू धरू का?" हे विचारायचं कामही तिचंच.

तिने बसायचं परीक्षकांच्या मागच्या रांगेत, मधोमध. वक्ता परीक्षकांकडे बघत असताना तिचं कार्ड त्याच नजरेत यायला हवं. बाजूच्या भिंतीशी उभी राहून तिने हात हलवला तर वक्ता मान वळवतो, त्याच्यासोबत परीक्षकही वळतात, आणि सगळ्या वर्गाला कळतं की गडबड आहे. कार्डं दोनच पुरतात: एक मिनिट उरलं की "1" आणि वेळ संपली की "थांब". वहीच्या पानावर जाड मार्करने काढलेली चालतील. वक्त्याने कार्ड दिसल्याची खूण म्हणून हलकी मान डोलवायची. ती डोलावली नाही तर कार्ड तसंच धरून ठेवायचं.

"थांब" दाखवूनही माणूस थांबत नाही, हे तुलाही माहीत आहे. वाक्य अर्धं असतं, स्लाइड उरलेली असते. त्याच्यावर चिडून काही होत नाही, त्यामुळे तोडगा पुढच्या वक्त्याकडे ठेवायचा. प्रत्येकाने आपल्या भागातली एक स्लाइड आधीच "सोडायची" म्हणून ठरवून ठेवावी. तिच्यावाचून मुद्दा तुटणार नाही आणि ती गाळली की साधारण मिनिटभर वाचेल, अशी स्लाइड निवडा. आधीचा भाग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लांबला, की वेळ सांभाळणारी पुढच्या वक्त्याला तिसरं, पिवळं कार्ड दाखवेल. त्याचा अर्थ एकच: तुझी सोडायची स्लाइड सोड. बघणाऱ्यांना काही कळत नाही. फक्त ती स्लाइड त्या भागाच्या शेवटून दुसरी असू दे. भागाच्या सुरुवातीला असेल तर कार्ड दिसेपर्यंत ती होऊन गेलेली असते.

समज, पहिला वक्ता खाडीच्या भरती-ओहोटीत रमला आणि 5:00 ऐवजी 6:10 ला संपला. सत्तर सेकंद उशीर. राखून ठेवलेलं मिनिट त्यात गेलं आणि वर दहा सेकंद चढली. काहीच केलं नाही तर आणखी कोणी जरा जरी लांबलं की शेवटचा वक्ता पुन्हा गेल्या सत्रासारखा कात्रीत सापडेल. म्हणून पिवळं कार्ड वर. पक्ष्यांच्या भागातली "सोडायची" स्लाइड समज लहान आणि मोठ्या फ्लेमिंगोंच्या चोचींमधला फरक दाखवणारी आहे. दुसऱ्याने ती गाळली आणि तो 9:20 ला थांबला. आता उशीर फक्त वीस सेकंदांचा. अर्ध्या मिनिटाच्या आत आहे, म्हणून तुला कार्ड दाखवायचं नाही. तू तुझी पाच मिनिटं पूर्ण घेऊन 14:20 ला संपवशील, कायद्याचा भाग 18:20 ला, समारोप 19:20 ला. कोणाचाही मुद्दा कापला गेला नाही, आणि चोचींचा फरक प्रश्नोत्तरांसाठी स्लाइड्सवालीच्या खिशात राहिला.

यासाठी एक तालीम निव्वळ घड्याळाची करा. त्या दिवशी उच्चार, हावभाव, स्लाइडचा रंग यावर कोणी बोलायचं नाही. वेळ सांभाळणारीने प्रत्येक भाग खरा किती वाजता संपला ते आपल्या आकड्यांशेजारी लिहायचं. एकच वक्ता दर तालमीत मिनिटभर लांबत असेल तर त्याला "लवकर बोल" म्हणू नका, त्याचा मजकूर कमी करा. घाईने बोललेलं इंग्रजी मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

आता ते दोन वेगळे आकडे. कुठले ते तू लिहिलं नाहीस, पण तुमच्या या विषयात असा सापळा तयारच आहे. परीक्षकांनी विचारलं, "क्षेत्र किती?" एकजण म्हणेल 1690 हेक्टर, दुसरी म्हणेल 6521, आणि दोघंही खरे! 2015 साली जाहीर झालेलं अभयारण्य साधारण 1690 हेक्टरचं आहे. 2022 साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तो साधारण 6521 हेक्टरला, कारण त्यात अभयारण्याभोवतीचा पर्यावरणसंवेदनशील पट्टाही आला. दोघांनी आपापला आकडा नुसता फेकला तर परीक्षकांना वाटणार, यांना धड माहीत नाही. प्रश्न हाताळणारी मध्ये असेल तर ती आधी प्रश्नच नेमका करेल: "सर, अभयारण्याचं क्षेत्र की रामसर स्थळाचं?" आणि मग कायद्याच्या भागाच्या वक्त्याकडे वळेल. तोच प्रश्न, पण आता तुमची तयारी दिसते.

यासाठी तिच्याजवळ एक पान हवं. डावीकडे येऊ शकतील असे प्रश्न, उजवीकडे प्रत्येकापुढे दोन नावं, एक उत्तर देणारा आणि एक राखीव. आकडा असेल तिथे शेजारी वर्ष आणि कशाचा आकडा आहे ते लिहायचं. सहाही जणांनी तेच पान वाचलेलं हवं, आणि पानावरचा आकडा तोच गटाचा आकडा. मग कोणाच्या वहीत काही वेगळं असलं तरी मंचावर ते काढायचं नाही.

प्रश्न आला की तिने तो दोन-तीन शब्दांत टिपायचा, लांब किंवा मागच्यांना ऐकू न गेलेला असेल तर थोडक्यात परत सांगायचा, आणि नाव घेऊन पुढे द्यायचा. प्रत्येक प्रश्न परत सांगायची गरज नाही. "फ्लेमिंगो इथे कधी येतात?" इतका सोपा प्रश्न पुन्हा उच्चारला तर वेळ खाल्ल्यासारखं होतं. पण "कारखान्यांचं सांडपाणी, शहराचं सांडपाणी आणि कांदळवनातला गाळ, यातलं तुमच्या मते मुख्य काय आणि त्यावर उपाय काय?" असा तिहेरी प्रश्न आला तर तिने तो फोडायलाच हवा: "कारणांवर ही बोलेल, उपायांवर तो." तेवढ्या सेकंदांत तुम्हा दोघांना श्वास घ्यायला मिळतो. उत्तर पाऊण मिनिटात आटपायचं. असं धरलं तर दहा मिनिटांत सात-आठ प्रश्न होतात.

एक नियम कडक ठेवा. एकाने उत्तर दिल्यावर दुसऱ्याने आपणहून तोंड घालायचं नाही. काही चुकलंय किंवा राहिलंय असं वाटलं तर हाताळणारीकडे बघायचं. तीच म्हणेल, "यात एक भर आहे," आणि तुम्हाला बोलवेल. आणि जे तुम्ही तपासलंच नाही ते "आम्ही हे पाहिलेलं नाही" असं तिनेच सरळ सांगायचं. हे वाक्य एका ठरलेल्या तोंडून आलं की बाकीचे अंदाज बांधत बसत नाहीत.

पण या कामाला एक मर्यादा आहे, ती तिला आधीच सांगून ठेव. परीक्षक पुष्कळदा मुद्दाम एखाद्याकडे बोट करून विचारतात, विशेषतः जो कमी बोलला त्याला. अशा वेळी तिने मध्ये पडायचं नाही. "सर, याचं उत्तर ती देईल" असं म्हणून दुसरीकडे वळवलं तर त्या मुलाला काही येत नाही, असाच अर्थ निघतो. म्हणून घड्याळवाली असो की सूत्रसंचालक, प्रत्येकाला चारही भागांतला गाभा ठाऊक हवा. दुसरी तालीम फक्त प्रश्नांची करा आणि त्यासाठी दुसऱ्या गटातल्या एखाद्या मित्राला परीक्षक म्हणून बसवा. तुमच्या विषयाचं ज्याला फारसं ठाऊक नाही असाच माणूस बरा, त्याला जे खटकेल तेच बाकी वर्गालाही खटकणार. त्याला सांग की निम्मे प्रश्न नाव घेऊन विचार, आणि त्यातले दोन तरी तुझ्या या दोन मैत्रिणींना.

राहिला गुणांचा प्रश्न. याचं उत्तर सरांकडेच आहे, आणि ते सादरीकरणाआधी विचारायला हवं, नंतर नाही. गुण गटाला एकत्र असतील तर काही अडचण नाही. वैयक्तिक असतील आणि "प्रत्येकाने विषयावर बोललं पाहिजे" अशी अट असेल, तर सूत्रसंचालन त्यात धरतील का ते विचार. नसतील धरत, तर तुझ्या पाच मिनिटांतला सव्वा मिनिटाचा एक उपमुद्दा मराठी माध्यमातल्या मैत्रिणीला आणि पक्ष्यांच्या भागातला एक स्लाइड्सवालीला दे. घड्याळ तेवढ्यापुरतं पहिल्या वक्त्याने धरावं, त्याचं बोलून झालेलं असतं. तू गटप्रमुख आहेस, तेव्हा स्वतःच्या भागातून आधी काढून दे.

सर काहीही म्हणाले तरी शीर्षकाच्या स्लाइडवर सहाही नावांपुढे ज्याचं त्याचं काम लिहा. "वेळ व प्रश्नोत्तरे" हे नावापुढे छापलेलं असलं की ती पहिली वीस मिनिटं मंचावर का नाही, असा प्रश्न कोणाला पडत नाही. लेखी अहवाल द्यायचा असेल तर त्यातही तसंच लिहा.

सूत्रसंचालकेच्या वाक्यांची एक प्रत तुझ्याकडे ठेव. ठाणे स्टेशनवर गाड्या खोळंबल्या आणि ती पोचली नाही तर ती वाक्यं चौथ्या वक्त्याने वाचायची, तू नाही.

आणि त्या चिडलेल्या मैत्रिणीशी फोनवर किंवा गटाच्या चॅटवर बोलू नकोस. समोर बस, तिच्याच स्लाइड्स उघड, आणि विचार: वेळ कमी पडली तर प्रत्येक भागातली कुठली गाळायची? चार भागांतल्या चार स्लाइड्स तिला निवडू दे. तुझी आवडती गेली तरी अडवू नकोस. त्यानंतर तिला ते प्रश्नांचं पान दे, आणि 1690 व 6521 तिच्याच हाताने त्यावर लिहू दे.